सदुसष्ट हजारांचा फरक

डोंबिवली-ठाण्यापासून कोथरूड-चिंचवडपर्यंत साधारण १९८५ ते २००० या काळात बांधलेल्या चार मजली इमारतींची बाथरूमं आता एकदमच कुरकुरू लागली आहेत. जीआय पाइप आतून गंजले आहेत, सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं, नहाणी ट्रॅपभोवतीची लादी ठोकली तर पोकळ वाजते. मग एक दिवस खालच्या घरातले काका वर येऊन सांगतात, की आमच्या छताला ओल धरली आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीने निस्तरायची असते, आपल्या बाथरूममधून झिरपणारं पाणी मात्र आपलं आपण. तेव्हा काम टाळता येत नाही. दोन-तीन जणांना बोलावून कोटेशन घेतलं जातं आणि बहुतेक घरांत एकच प्रसंग उभा राहतो. ओळखीच्या ठेकेदाराचा आकडा मोठा असतो आणि कुठून तरी नंबर मिळालेल्या अनोळखी माणसाचा आकडा बराच लहान.

एक नमुन्याचं घर घेऊ. डोंबिवलीतली तीस वर्षांची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाथरूम पाच बाय आठ फुटांचं, संडास त्यातच, आणि घरात तेवढं एकच. अनोळखी ठेकेदाराने दिलेला आकडा १,३८,००० रुपये. ओळखीचा ठेकेदार म्हणजे कल्याणच्या नणंदेच्या घरी ज्याने काम केलं तो. त्याचा आकडा २,०५,०००. फरक ६७,००० रुपयांचा. दोघेही मालासकट उक्तं काम घेणारे, दोघेही जीएसटीची नोंदणी नसलेले छोटे ठेकेदार. दर गावागणिक आणि वर्षागणिक बदलतील. इथले आकडे हिशेब कसा लावायचा ते समजावं म्हणून घेतले आहेत.

अशा वेळी घरात वाद सुरू होतो तो विश्वासाचा. ‘ओळखीचा आहे, फसवणार नाही’ विरुद्ध ‘ओळखीचा आहे म्हणूनच लुटतोय’. दोन्ही बाजू कोटेशनचा शेवटचा आकडा तेवढा वाचत असतात. वास्तविक हे दोन आकडे एकाच कामाचे नाहीत. ते एकाच कामाचे करून घेतल्याशिवाय ओळखीची किंमत किती आणि कामाची किती, हे कळायला मार्गच नाही.

त्यासाठी बाथरूमच्या लादीखाली काय असतं ते आधी पाहावं लागेल. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब घराच्या बाकी स्लॅबपेक्षा नऊ इंच ते फूटभर खाली टाकलेला असतो. त्या खड्ड्यातून सांडपाण्याचे पाइप जातात, नहाणी ट्रॅप बसतो आणि उरलेली जागा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा माल घालून भरतात. त्याला कोबा म्हणतात. कोब्यावर लादी. लादी पाणी अडवते असा आपला समज असतो, पण लादीच्या सांध्यांतून पाणी खाली उतरतंच. ते अडवायचं काम असतं स्लॅबवर दिलेल्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं. हा थर जुना होऊन फाटला किंवा ट्रॅपचा सांधा सुटला, की पाणी त्या खड्ड्यात साठतं आणि सवडीने स्लॅबमध्ये मुरतं. खालच्या घरात ओल दिसते तेव्हा वरच्या खड्ड्यात पाणी महिनोन् महिने बसलेलं असण्याचीच शक्यता जास्त. पुढे स्लॅबमधल्या सळया गंजून फुगतात आणि खालचं प्लास्टर पोपड्यांसारखं सुटतं.

एवढं कळलं की दोन कोटेशनांकडे पुन्हा पाहता येतं. अनोळखी माणसाचं कोटेशन मोबाइलवर आलेलं, चार ओळींचं: जुन्या टाइल्स काढणे, नवीन टाइल्स, नवीन प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, सर्व मटेरियलसह. ओळखीच्याचं दोन पानी, हाताने लिहिलेलं. अनोळखीला फोन करून एकच प्रश्न विचारा, ‘दादा, तुम्ही कोबा उघडणार का?’ या घरात उत्तर आलं, ‘गरज नाही ताई, वरून केमिकल मारू, एकदम टाइट होईल.’ इथेच बरंचसं कोडं सुटलं. तो जुना खड्डा तसाच ठेवून त्यावर रसायनाचा हात फिरवणार आणि टाइल्स लावणार. खड्ड्यातला ट्रॅप, त्याचा सांधा, पाइप, सगळं तीस वर्षांपूर्वीचं तसंच राहणार. ओळखीचा स्लॅबपर्यंत खोदणार, पाइप आणि ट्रॅप बदलणार, स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करणार आणि नवा कोबा भरणार. दोघांच्याही कागदावर शब्द एकच, ‘वॉटरप्रूफिंग’.

आता अनोळखी माणसालाच सांगायचं, की मला हे दुसऱ्या प्रकारचं काम हवं आहे, त्याचा दर दे. स्लॅबपर्यंत खोदाई, दोन हातांचं वॉटरप्रूफिंग आणि नवा कोबा यांचे त्याने २४,००० वाढवले. मग राडारोड्याची गोष्ट निघाली. त्याच्या आकड्यात राडारोडा बाथरूमबाहेर काढून ठेवण्यापर्यंतच होता, खाली नेणं आणि टेम्पो वेगळा. हा खर्च किरकोळ वाटतो म्हणून थोडा मोजून पाहू. चाळीस चौरस फुटांचा, नऊ इंच खोल कोबा म्हणजे तीस घनफूट. भिंतींवरच्या जुन्या टाइल्स आणि प्लास्टर मिळून आणखी पंचवीसेक घनफूट. एकूण वजन अडीच-पावणेतीन टनांच्या घरात जातं. पंचवीस किलोच्या गोण्या भरल्या तर शंभराच्या वर, आणि त्या तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवायच्या. ७,००० रुपये त्याचे.

पुढचा फरक टाइल्सच्या ‘बेसिक रेट’मध्ये लपलेला असतो. ठेकेदार ‘टाइल्ससह’ म्हणतो तेव्हा त्याने एक दर धरलेला असतो. दुकानात तुम्ही त्याहून महाग टाइल निवडली, की वरचे पैसे तुमचे. पाच बाय आठच्या बाथरूमला जमीन चाळीस चौरस फूट. भिंतींचा घेर सव्वीस फूट, सात फूट उंचीपर्यंत लावल्या तर एकशे ब्याऐंशी, त्यातून दाराचे सतराएक वजा करा. मिळून दोनशे पाच चौरस फूट होतात. तुटफूट आणि कापाकापीसाठी दहा टक्के वाढवले की सव्वादोनशे. अनोळखीने दर धरला होता ४५ रुपये आणि ओळखीच्याने ७०. पंचवीस रुपयांच्या फरकाने सव्वादोनशे फुटांचे साडेपाच हजारांहून थोडे जास्त होतात. डोंबिवलीच्या दुकानात प्रत्यक्ष टाइल निवडायला गेल्यावर ४५ रुपयांत मनासारखं काही मिळेल का, ते फोनवर नाही कळत. आधी दुकानात जाऊन टाइल निवडावी आणि दोघांनाही तोच दर धरायला सांगावं, म्हणजे हा घोळ मुळातून संपतो.

उरलेल्या तीन गोष्टी भराभर. ओळखीचा बाहेरच्या डक्टमधल्या व्हॉल्व्हपर्यंत नवा सीपीव्हीसी पाइप आणणार होता, अनोळखी भिंतीतल्या जुन्या जीआयला जोडणार होता. ते ६,०००. फरशीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स सिमेंटवर न लावता अॅडहेसिव्हने लावणं आणि सांध्यांत पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी भरणं, याचे साडेसहा हजारांच्या आतबाहेर. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे नुसतं सिमेंट तिला नीट धरत नाही. हा खर्च वायफळ नाही. आणि गीझरसाठी स्वतंत्र जाड वायर व ब्रेकर, ४,०००.

बेरीज केली की साधारण ५३,००० रुपये होतात. म्हणजे तेच काम अनोळखी माणसाकडून करून घेतलं तर १,९१,०००. ओळखीच्याचे २,०५,०००. सदुसष्ट हजारांचा फरक चौदा हजारांवर आला, सात टक्क्यांवर. आता वाद घालण्यात अर्थ आहे, कारण आता प्रश्न नेमका झाला: ओळखीसाठी चौदा हजार मोजावेत का?

दर वेळी हिशेब असाच निघेल असं नाही. कधी कधी काम सारखं करूनही अनोळखी माणूस तीस-चाळीस हजारांनी स्वस्तच राहतो, आणि त्यात लबाडी नसते. तो स्वतः करणीने काम करणारा मिस्त्री असतो, बरोबर भाऊ प्लंबर. ओळखीचा ठेकेदार मात्र प्रत्यक्षात काम वाटून देणारा, वर देखरेखीचे पैसे धरणारा. देखरेख खरोखर होत असेल तर ते पैसे योग्यच, पण सकाळी एक फोन आणि संध्याकाळी पाच मिनिटांची फेरी याला देखरेख म्हणत असतील तर नाही. शिवाय ओळखीच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं, की तुम्ही दुसरीकडे विचारायला लाजणार. भीड ही भिकेची बहीण, असं उगाच नाही म्हणत. नणंदेच्या ओळखीचा माणूस म्हणून टाइल वाकडी बसली तरी बोलायचं कसं, हा संकोच एरवी तोंडावर हिशेब मागणाऱ्या माणसांनाही गाठतो. माझं मत विचाराल, तर कामं सारखी करून घेतल्यावर फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर ओळखीकडे झुकावं. पंचविसाच्या वर गेला तर ते पैसे कामाचे नसून भिडेचे आहेत असं समजावं, आणि तसं त्याला सांगून आकडा कमी करून घ्यावा.

पण ‘ओळखीचा’ म्हणजे कोणाच्या ओळखीचा आणि कशासाठी? नणंदेकडे त्याने स्वयंपाकघराचा ओटा केला होता की बाथरूम? ओटा आणि रंगकाम उत्तम करणारा माणूस वॉटरप्रूफिंगमध्ये कच्चा असू शकतो, कारण ओट्यातली चूक डोळ्यांना दिसते आणि बाथरूममधली दिसत नाही. आणि केलं कधी? मागच्या दिवाळीत केलेल्या बाथरूमची साक्ष फारशी कामाची नाही. दोन-तीन पावसाळे उलटलेलं काम बघायला मागावं. तिथे गेल्यावर चकचकीत टाइल्स बघून परत येऊ नये. एक मजला खाली उतरून त्या घरातल्या माणसांना विचारावं, की तुमच्या छताला आता ओल आहे का. बाथरूमच्या कामाचा निकाल लागतो तो नेहमी दुसऱ्याच्या छतावर. मालक खूश असेल, कारण त्याला टाइल्स दिसतात. खालच्या घराची बेल दाबायला संकोच वाटतो हे खरं, पण सगळ्या चौकशीत सर्वांत खरं उत्तर तिथेच मिळतं. आणि अनोळखी ठेकेदाराने असं तीन वर्षांपूर्वीचं काम दाखवलं, खालच्या माणसानेही चांगलं सांगितलं, तर तो आता पुरता अनोळखी राहिला नाही. उलट नणंदेने नुसतं ‘बरा आहे हं’ म्हटलेला माणूस त्याच्याइतकाही ओळखीचा नाही.

पहिल्या भेटीतही पुष्कळ कळतं. चांगला माणूस आल्या आल्या विचारतो, खाली ओल आहे का, आणि शक्य झालं तर खाली जाऊन बघून येतो. डक्टमध्ये डोकावून पाइप कोणत्या बाजूने जातात ते पाहतो. कमोडच्या भोकाचं भिंतीपासूनचं अंतर टेपने मोजतो, कारण नऊ इंचांचं कमोड बारा इंचांच्या जागी धड बसत नाही. हे न मोजता ‘कोणतंही घ्या ताई, बसवू’ म्हणणाऱ्याला मी तरी काम देणार नाही. आणि तो दिवस किती सांगतो ते नीट ऐकावं. फोडायला दोन-तीन दिवस, पाइपांना दोन, रसायनाचे दोन हात आणि ते वाळायला दोन-तीन, पाणी भरून ठेवायला दोन, कोबा भरून त्याला पाणी मारत ठेवायला तीन-चार, टाइल्सना चार-पाच, सांधे भरणं, नळ, कमोड, वायरिंग मिळून आणखी दोन-तीन. वीस दिवसांच्या आसपास होतात. ‘आठ दिवसांत देतो’ म्हणणाऱ्याला शांतपणे विचारावं, की यातले कोणते दिवस तू गाळणार आहेस. गाळले जातात ते बहुधा वाळण्याचे आणि पाणी भरून बघण्याचे.

ओळखीची खरी किंमत कुठे वसूल होते ते या वीस दिवसांत कळतं, आणि त्यातही पहिल्या आठवड्यात. बाथरूम फोडून झालं की घरातली माणसं ठेकेदाराच्या तावडीत असतात. आंघोळीला शेजारी, संडासला खालच्या मजल्यावर, म्हातारी सासू नणंदेकडे. याच वेळी ‘एक्स्ट्रा’ निघतात. ‘स्लॅब फार खराब निघाला हो’, ‘डक्टचा पाइप फुटला’, ‘माणसं गावाला गेली, चार दिवस थांबा’. यातली काही कारणं खरी असतात. तीस वर्षांचा कोबा उघडल्यावर खाली काय निघेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. प्रश्न इतकाच, की खऱ्या आणि खोट्या एक्स्ट्रामध्ये फरक कसा करायचा. ओळखीच्या माणसाला नणंदेच्या घरी पुन्हा तोंड दाखवायचं असतं, त्याला पुढची चार कामं त्याच गोतावळ्यातून मिळायची असतात. या धाकाची किंमत म्हणजे ते चौदा हजार. घरात एकच बाथरूम असेल आणि खाली कोणी राहत असेल, तर ही किंमत द्यावी असं मला वाटतं.

आता समजा तेवढे पैसे नाहीत, किंवा अनोळखी माणसाची कामं बघून तोच पसंत पडला. तर धोका कमी करायचा मार्ग आहे, आणि तो त्याच्या स्वभावावर नव्हे, पैशांच्या क्रमावर अवलंबून आहे. अनोळखी ठेकेदार बऱ्याचदा निम्मे पैसे आधी मागतो. त्यामागे दर वेळी खोट नसते. जुन्या ठेकेदाराची हार्डवेअरच्या दुकानात उधारी चालते, नव्याची चालत नाही, म्हणून त्याला माल तुमच्या पैशांनी आणावा लागतो. मग माल तुम्हीच आणा. बाथरूमच्या खर्चात निम्म्याहून थोडा अधिक भाग मालाचा असतो: टाइल्स, नळ, कमोड, पाइप, रसायनं, सिमेंट. बिलं तुमच्या नावाची, माल तुमच्या घरात. ठेकेदाराला फक्त लेबरचे पैसे. एवढ्याने त्याच्याकडे अडकू शकणारी रक्कम लाखावरून काही हजारांवर येते. तुमची धावपळ मात्र वाढते, कारण मिस्त्रीने दुपारी ‘दोन एल्बो कमी पडले’ म्हटलं की दुकानात तुम्हालाच पळायचं.

माल ठेकेदारानेच आणायचा असेल तर टप्पे ठरवावेत, आणि टप्पे तारखांवर न बांधता कामावर बांधावेत. दोन लाखांच्या कामाचं उदाहरण घ्या. सुरुवातीला वीस हजार. पाइप बसून त्यांची दाबाची चाचणी झाली की चाळीस. वॉटरप्रूफिंग होऊन पाणी भरून ठेवण्याची चाचणी उतरली की आणखी चाळीस. टाइल्स पूर्ण झाल्या की पन्नास, नळ-कमोड-वायरिंग झालं की तीस, आणि शेवटचे वीस हजार बाथरूम महिनाभर वापरल्यावर. सूत्र असं, की कोणत्याही दिवशी काम थांबलं तरी तुमचे गेलेले पैसे झालेल्या कामापेक्षा कमी असावेत. एक्स्ट्राबद्दल आधीच लिहून घ्यावं, की जास्तीचं काम निघालं तर फोटो आणि रक्कम आधी पाठवायची आणि होकार आल्यावरच हात घालायचा. हे ओळखीच्यालाही लागू. कागद बघून त्याला राग आला, तर तो राग काम सुरू व्हायच्या आधी आलेला बरा.

या टप्प्यांतल्या दोन चाचण्या तुम्ही स्वतः पाहण्यासारख्या आहेत. पाइपांची चाचणी भिंत बंद करण्याआधी होते. नळाच्या जागी प्लग लावून हातपंपाने पाइपात दाब भरतात. पंपावरच्या मापकाची सुई तासभर तरी जागची हलता कामा नये. हलली तर कुठला तरी सांधा गळतो आहे आणि तो आत्ता दिसेल, टाइल लावल्यावर नाही. ही चाचणी प्लंबरला सांगावी लागते. बरेचजण नुसता नळ सोडून ‘बघा, कुठे गळत नाही’ म्हणतात.

दुसरी चाचणी जास्त महत्त्वाची. स्लॅब साफ झाला, पाइपांभोवतीची भोकं भरली, जमीन-भिंतीचे कोपरे गोल केले, रसायनाचा एक हात आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा दिला, तो भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत चढवला, की सांडपाण्याचं भोक बुचाने बंद करून तीन-चार इंच पाणी भरतात आणि अठ्ठेचाळीस तास ठेवतात. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने आखून घ्यावी. कोबा भरल्यावर हीच चाचणी पुन्हा घेतली तर उत्तम. पण खरी नोंद खालच्या घरातली. काम सुरू व्हायच्या आधीच खालच्या छतावरच्या डागाचा फोटो काढून त्याची कड पेन्सिलने आखून ठेवावी. स्लॅबमध्ये मुरलेलं जुनं पाणी वाळायला काही आठवडे लागतात, त्यामुळे डाग लगेच गेला नाही म्हणून ठेकेदाराच्या अंगावर धावून जाऊ नये. डाग आखलेल्या रेषेबाहेर वाढला किंवा थेंब पडू लागले, तर मात्र काम तिथेच थांबवायचं, कारण अजून टाइल लागलेली नाही आणि दुरुस्तीला एखाद-दोन दिवसच लागतील. हीच गळती टाइल्सनंतर कळली तर सगळं पुन्हा फोडणं आलं. टाइल्स झाल्यावर एक बादली पाणी ओतून बघावं. आठ फुटांत इंचभर उतार असला की पाणी स्वतःहून जाळीकडे जातं. कोपऱ्यात तळं साचलं तर ते तेव्हाच दाखवावं.

गॅरंटीचं काय? अनोळखी ठेकेदार ‘दहा वर्षांची लेखी गॅरंटी’ देतो तेव्हा लेटरहेडवर नाव, पत्ता आणि सही कोणाची आहे ते वाचावं. दहा वर्षांनी तो नंबर लागेल का हा प्रश्न आहेच, पण पत्ताच नसेल तर पहिल्या वर्षीही काही उपयोग नाही. रसायनाच्या डब्यावरची कंपनीची हमी सहसा त्या मालाची असते, मिस्त्रीच्या हाताची नाही. कायद्याचा आधार मात्र पुरेसा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे घेऊन दिलेली सेवा येते. ठेकेदाराने निकृष्ट काम केलं तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण तिथे लागतो तो कागद: काय काम ठरलं होतं, पैसे कसे दिले, चाचणीत काय दिसलं. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्यावेत. रोख दिलेच तर व्हाउचरवर सही घ्यावी. ओळखीच्या माणसाच्या बाबतीत नेमका हाच कागद होत नाही, आणि मग त्याच्याविरुद्ध आयोगात जायची वेळ आली तर नणंदेशी संबंध बिघडतात ते वेगळंच.

काही घरांत हा सगळा विचार करायची गरजही नसते. तळमजल्याचं घर असेल, खाली माती असेल, किंवा वॉटरप्रूफिंग धड आहे आणि नुसते नळ, कमोड व भिंतीवरच्या टाइल्स बदलायच्या आहेत, तर चूक झाली तरी ती दिसते आणि स्वस्तात सुधारते. तिथे अनोळखी, स्वस्त, हात चांगला असलेला मिस्त्री बिनधास्त घ्यावा. दोन बाथरूमं असतील तर त्याला आधी लहान बाथरूम द्यावं, दुसरं त्याचं काम बघून.

डोंबिवलीच्या नमुन्याच्या घरात मात्र एकच बाथरूम आहे आणि खाली ओल आहे. तिथे मी ओळखीच्याला समोर बसवून १,९१,००० चा हिशेब दाखवला असता आणि दीड-दोन लाखांच्या मधल्या कुठल्या तरी गोल आकड्यावर न घासता एकच मागणं केलं असतं: राडारोडा, डक्टपर्यंतचा पाइप आणि दोन्ही चाचण्या कोटेशनवर लिहून दे, टप्पे मान्य कर, आणि शेवटचे वीस हजार खालच्या काकांनी छत बघून सांगितल्यावर घे. त्याने हे मान्य केलं तर २,०५,००० द्यायला हरकत नाही. ‘आपल्यात कसला कागद, वहिनी’ असं म्हणाला, तर १,९१,००० वाल्याला फोन करून त्याची तीन वर्षांपूर्वीची बाथरूमं बघायला निघावं.